बोलायला थांबला, बोलायचा थांबला

बी.ए. होऊन मी नुकतीच आमच्याकडच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. वसईजवळ वटारला आमची वाडी होती, केळी आणि पानवेलीची. कुंपणापलीकडे काकांची वाडी. मधली विहीर दोघांची. काकांनी विहिरीवर इंजिन बसवलं, उपसा वाढला आणि एका उन्हाळ्यात पाणी मचूळ, जरासं खारट लागलं. बाबांनी दोष इंजिनाला दिला, काकांनी समुद्राला. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. आम्ही ख्रिस्ती; रविवारी दोघे एकाच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, एकाच मिस्सेला जात, पण वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडत. बायकांचं येणं-जाणं मात्र मागल्या दाराने चालूच राहिलं.

त्याच दाराने वहिनी शिकायला यायची. वहिनी म्हणजे काकांची सून. दहावीला तिचं इंग्रजी राहिलं आणि लगेच लग्न झालं. आता तिला ऑक्टोबरच्या परीक्षेला बसायचं होतं, पुढे डी.एड. करून प्राथमिक शाळेत शिकवायचं होतं. संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी तासभर ती आमच्या ओट्यावर गाईड घेऊन बसे. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बाबा विड्याची पानं लावत बसलेले असत.

तिचं घोडं अडलं ते क्रियापदांच्या रूपांवर. एन्जॉयपुढे सिंगिंग, डिसाइडपुढे टू गो, असं का? मला कॉलेजात शिकवलं होतं तसं मी तिला शिकवलं. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड यांच्यापुढे आयएनजी. डिसाइड, होप, प्रॉमिस यांच्यापुढे टू. पाठ कर.

"पाठ केलेलं मला परीक्षेत आठवत नाही, बाय," ती म्हणाली. "मी मराठीत म्हणून बघते."

तिने स्टॉप घेतला. तो बोलायला थांबला, म्हणजे चालता चालता उभा राहिला, बोलण्यासाठी. ही स्टॉप्ड टू टॉक. तो बोलायचा थांबला, म्हणजे गप्प झाला. ही स्टॉप्ड टॉकिंग. "बघ! 'यला' असेल तिथे टू, 'यचा' असेल तिथे आयएनजी."

मी चकित झाले. इतकं सोपं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण पुढच्याच ओळीत तिचा नियम उलटला. तिला गायला आवडतं, म्हणून तिने लिहिलं, एन्जॉइज टू सिंग. त्याने जायचं ठरवलं, म्हणून डिसायडेड गोइंग. दोन्ही चूक. रिमेम्बरने तर कहर केला. दार लावायचं आठवलं, म्हणजे विसरला नाही, जाऊन लावलं. इंग्रजीत तिथे टू लॉक. दार लावल्याचं आठवतं, म्हणजे लावून झालंय आणि ते मनात आहे, तिथे लॉकिंग.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी त्यावर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, "आधी काय घडलं ते बघ. रिमेम्बरमध्ये आठवण आधी आणि काम नंतर, तर टू. काम आधी होऊन गेलं आणि आठवण नंतर, तर आयएनजी. स्टॉपचंही तसंच. जे चालू होतं ते थांबलं, तर आयएनजी. जे करायला थांबला ते पुढे आहे, तर टू."

"आणि एन्जॉय?"

"ते पाठच कर."

ती हसली आणि पाठ करायला लागली.

मग एका संध्याकाळी गाईडात एक वाक्य आलं. माय अंकल स्टॉप्ड, पुढे रिकामी जागा, टू माय फादर. कंसात टॉक. वहिनीने क्षणभरही न थांबता टॉकिंग लिहिलं. मागे उत्तर छापलं होतं, टू टॉक. मी वाक्य पुन्हा वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की तिने काय लिहिलंय. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून अशा हसलो की बाबांनी पानांवरून मान वर केली.

"काय झालं?"

मी गप्प बसले असते. वहिनी धीट. तिने त्यांना नीट समजावून सांगितलं, "मोठेबाबा, इथे दोन शब्द बसतात. एक घातला तर काका वडिलांशी बोलायला थांबले. दुसरा घातला तर काका वडिलांशी बोलायचे थांबले."

बाबांनी पानांची जुडी खाली ठेवली. "मग खरं कुठलं?"

"दोन्ही. पुढचं वाक्य दिलेलं नाही."

"द्यायला हवं होतं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "पण थांबला काकाच ना? तसं छापलंय."

"छापलंय. पण काकांच्या जागी वडील घातले आणि वडिलांच्या जागी काका, तरी वाक्य बरोबरच राहतं."

मला वाटलं, आता बाबा उठून आत जातील. ते उठले नाहीत. म्हणाले, "आमचं बोलणं थांबलं. एवढंच."

मराठीत असं म्हणता येतं. बोलणं आपोआप थांबतं, जसा वारा पडतो. मी म्हणाले, इंग्रजीतही तसं म्हणता येईल. वहिनीने मान हलवली. "म्हणता येईल, पण या वाक्यात पहिली, कर्त्याची जागा रिकामी नाही. कोणी तरी थांबलंय."

बाबांनी जुडी परत उचलली आणि आम्ही पुढच्या वाक्याकडे वळलो. आईने नंतर वहिनीला चांगलंच सुनावलं.

परीक्षेचं केंद्र वसईत होतं. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, पहिल्या पाळीला गेलेला, म्हणून तिच्यासोबत मी जाणार होते. सकाळी आम्ही एस.टी.च्या थांब्यावर आलो तर काका आधीच तिथे उभे, सुनेला निरोप द्यायला. मागून बाबा आले. मी घरी विसरलेली छत्री त्यांच्या हातात होती. छत्री देऊन ते परत फिरू शकले असते.

बस येत नव्हती. दोघे भाऊ रस्त्याकडे बघत होते. वहिनी ओठांतल्या ओठांत क्रियापदं पुटपुटत होती.

"पाणी कसं आहे आता?" बाबांनी रस्त्याकडे बघतच विचारलं.

काकांना ते आपल्याला विचारलंय हे कळायला वेळ लागला. "मचूळच," ते म्हणाले. "दुपारी इंजिन बंद ठेवतो. तरी तसंच."

"माझ्याही केळी पिवळ्या पडल्यात."

एवढंच बोलणं झालं. बस आली, आम्ही चढलो. मी खिडकीतून मागे बघितलं. दोघे अजून तिथेच उभे होते. काका हाताने जमिनीपासून काहीतरी उंची दाखवत होते, बहुधा केळीची.

भावांचं सूत पूर्वीसारखं कधी जमलं नाही, हेही सांगायला हवं. बोलत ते पिकाबद्दल, कोणाच्या आजारपणाबद्दल. इंजिनाचा विषय दोघेही टाळत. मला वाटायचं, एवढ्याने काय मिळालं? आता माझं वय बाबांच्या त्या वेळच्या वयापुढे गेलंय आणि वाटतं, पुष्कळ मिळालं. माफी मागावी लागली असती तर दोघांपैकी कोणीच तोंड उघडलं नसतं. छत्री आणि उशिरा आलेली बस, एवढ्यावरच ते भागलं.

वहिनी इंग्रजीत पास झाली, काठावर. एन्जॉय तिने बरोबर लिहिलं, रिमेम्बर चुकलं असं ती अजून सांगते. डी.एड. करून तिला अर्नाळ्याकडे शाळा मिळाली. पहिल्या वर्गातली कोळ्यांची पोरं 'पानी' म्हणत, आणि तपासायला आलेल्या साहेबांनी तिला विचारलं, यांचं बोलणं शुद्ध का करत नाही?

"करीन," ती म्हणाली, "आधी त्यांना माझ्याशी बोलू तर द्या."