एका श्रीचे तीन मेसेज

बँकेत मराठीचा अभिमान होता. मराठीत मेसेज नव्हते. नारायण पेठेतली ती सहकारी बँक. दारावर मराठी पाटी, पासबुकावर मराठी ब्रीदवाक्य, वार्षिक सभेत मराठीवर अध्यक्षांचे भाषण. संगणकीकरण झाल्यावर सभासदांच्या मोबाइलवर जाऊ लागलेले मेसेज मात्र इंग्रजीत. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. मराठी शाळा बंद पडत असल्याबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटे, आणि दर वर्षी ते त्याच शब्दांत वाटे.

वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यावर मी या बँकेत जनसंपर्काचे काम पाहत होतो. म्हणजे अहवाल तपासणे, निधनाच्या बातमीत दिवंगत संचालकांचे सगळे गुण आले आहेत ना हे बघणे, आणि जाहिरातीत अध्यक्षांचा फोटो उपाध्यक्षांपेक्षा मोठा ठेवणे.

मेसेजचा प्रश्न ठेव विभागाच्या अधिकारी बाईंनी आणला. त्यांच्या काउंटरवर येरवड्याहून एक पोळ्या करणाऱ्या बाई येत. पेठेतल्या दोन मेसमध्ये त्या पोळ्या लाटायच्या आणि मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी बँकेत मुदत ठेवी करायच्या. त्यांना मराठी वाचता येई, इंग्रजी येत नसे. पहिल्या ठेवीची मुदत संपल्याचा मेसेज आला, तेव्हा तो बँकेचा की मोबाइल कंपनीचा हे कळेना, म्हणून त्यांनी तो घरात दिराला दाखवला. दिराने वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्याला रिक्षाचे परमिट घ्यायचे सुचले. ती ठेव परमिटात गेली.

"दुसरी ठेव दिवाळीनंतर संपतेय," पोळ्या करणाऱ्या बाई अधिकारी बाईंना म्हणाल्या. "मॅडम, तेवढा मेसेज पाठवूच नका."

"बंद नाही करता येत हो. सगळ्यांना जातो तो."

"मग मराठीत पाठवा. माझं मी वाचीन. परत दिराकडे गेला तर पोरगी घरीच बसेल."

अधिकारी बाई माझ्या टेबलाशी आल्या. आम्ही मजकूर तयार केला: "आपली मुदत ठेव पूर्ण झाली आहे. पावती घेऊन शाखेत यावे." मथळे बसवण्याची सवय असल्याने मला वाटले, चाळीस अक्षरांच्या आत बसले. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर त्या दिवशी बँकेत आला होता. कंपनीचे ऑफिस वारज्यातल्या एका फ्लॅटमध्ये होते आणि हा मुलगा नागपूरकडचा. त्याने मजकूर आपल्या लॅपटॉपवर टाकला आणि म्हणाला, "बावन्न."

मी पुन्हा मोजले. त्याने शांतपणे समजावले. एका मेसेजच्या डब्यात एकशे चाळीस बाइट, म्हणजे अकराशे वीस बिट मावतात, जास्त नाही. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून एकशे साठ अक्षरे बसतात. देवनागरी त्या सात बिटांच्या तक्त्यात नाही. तिला प्रत्येक चिन्हासाठी सोळा बिट लागतात, म्हणून सत्तरच बसतात.

"आणि चिन्ह म्हणजे अक्षर नाही, सर. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला हलन्त, म्हणजे मोडलेला पाय, तोही वेगळा."

वर्तमानपत्रात मात्रा डोक्यावर बसते आणि उकार पायाशी; रुंदी कोणी खात नाही. 'पुणे' मथळ्यात दोन अक्षरांचे. इथे चार जागा. 'ज्येष्ठ' इथे सात जागा अडवतो. सत्तरच्या वर एक जरी गेले तर मेसेजचे तुकडे होतात, आणि तुकडे पुन्हा जोडण्याची माहिती प्रत्येकात भरावी लागत असल्याने मग एका तुकड्यात सदुसष्टच मावतात. सभासदाला मोबाइलवर एकच मेसेज दिसतो. बिल तुकड्यांवर येते.

"पण बावन्न म्हणजे एकच ना?" अधिकारी बाईंनी विचारले.

"एकच. इंग्रजीएवढाच खर्च, मॅडम. फक्त काही वाढवून नका राहू."

मजकूर संचालकांच्या समितीपुढे गेला. तिथे तो वाढणार, हे मला कळायला हवे होते.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले. "यावे? एकदम यावे? पोलीस चौकीतून बोलावल्यासारखं वाटतं." त्यांनी पेन काढले आणि सुरुवातीला 'सन्माननीय सभासद, सप्रेम नमस्कार' घातले. मग शेवटी 'आपला नम्र, अध्यक्ष' घातले. एका संचालकांना ब्रीदवाक्य हवे होते. ते आले. दुसऱ्यांनी विचारले, बँकेचे नाव कुठे आहे? ते आले, 'मर्यादित' या शब्दासह. शिष्टाचारावर सर्वांचे एकमत झाले. इंजिनिअरने आकडा सांगितला: तीन तुकडे.

समितीत एक वयोवृद्ध वकील होते. ते बराच वेळ काही बोलत नसत आणि बोलले की सभेची विषयपत्रिका बदलत असे.

"म्हणजे मराठी माणसाला नमस्कार करायला तिप्पट पैसे पडतात," ते म्हणाले. "हरकत नाही. आपण पुण्यात आहोत. नमस्कार काढून टाका, कोणाला चुकल्यासारखं वाटणार नाही."

अध्यक्षांना ते आवडले नाही. नमस्कार राहिला, आणि खर्च तिप्पट होतो म्हणून मराठी गेली. अधिकारी बाईंनी एकच तुकडा होणारा आमचा मजकूर पुन्हा पुढे केला.

"आपण आत्ता तो दुरुस्त केला ना?" अध्यक्ष म्हणाले. दुरुस्त केलेला मजकूर परवडत नव्हता, आणि परवडणारा मजकूर दुरुस्त झालेला होता.

"पण मग ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी काय करायचं, सर?"

"पावतीवर तारीख असते, बाई. मराठीत असते."

पावतीवर तारीख होती, हे खरेच होते. मेसेज कोणाचा आहे हे कळण्यासाठी तो दुसऱ्याला दाखवावा लागतो, हे पावती सांगत नव्हती. बाई तेवढे बोलल्या. इतिवृत्तात 'चर्चा झाली' असे लिहिले गेले.

तरी मराठीचा अभिमान शिल्लक होता आणि त्याचे काहीतरी करणे भाग होते. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनीच तोडगा काढला. मजकूर इंग्रजीच ठेवावा, पण प्रत्येक मेसेजच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन दंड देऊन 'श्री' लिहावे. बँकेच्या पत्रांवर असते तसे. आपली ओळख राहील आणि दोन-चार अक्षरांनी काय बिघडते? ठराव टाळ्यांत मंजूर झाला. संगणक विभागाने त्याच आठवड्यात श्री बसवला. इंजिनिअरला विचारावे असे कोणाला वाटले नाही, मलाही नाही.

पुढचे बिल आले ते तिप्पट.

अध्यक्षांनी कंपनीला फसवणुकीबद्दल खरमरीत पत्र लिहिले. इंजिनिअर लॅपटॉप घेऊन समितीसमोर हजर झाला. त्याने बँकेचा इंग्रजी मेसेज दाखवला: दीडशेच्या आसपास अक्षरे, एक तुकडा. मग वर श्री चढवला. तीन.

"हे कसं काय?" अध्यक्ष म्हणाले. "एका श्रीने दोन तुकडे वाढले?"

"एका मेसेजमध्ये दोन पद्धती चालत नाही, सर. एक जरी चिन्ह देवनागरीचं आलं, की पूर्ण मेसेज सोळा बिटांत जाते. तुमचं इंग्रजी अक्षरही मग सोळा बिट खाते. श्री एकटा नाही येत, अख्खं वऱ्हाड घेऊन येते."

"म्हणजे आम्ही इंग्रजीला मराठीचे पैसे भरतोय?"

"हो, सर."

वकिलांनी चष्मा पुसला.

"उपाय सोपा आहे," एक संचालक म्हणाले. "श्री काढून टाकू."

"काढा," वकील म्हणाले. "सूचक म्हणून आपलं नाव घालू? 'श्री काढण्यात यावा, असा ठराव अमुक यांनी मांडला.' वार्षिक सभेत वाचून दाखवावा लागेल, एवढंच. निवडणूक तर जवळ आलीच आहे."

त्या संचालकांनी पाणी मागवले. अध्यक्षांनी सर्वांकडे आळीपाळीने पाहिले. सूचक कोणी होईना, त्यामुळे अनुमोदकाचा प्रश्नच आला नाही. श्री बसवताना टाळ्या वाजवणारे हात टेबलाखाली होते.

तेव्हा अधिकारी बाई बोलल्या. त्या टिपणे द्यायला आलेल्या होत्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"श्री राहणारच असेल तर तीन तुकड्यांचे पैसे जाणारच आहेत, सर. तीन तुकड्यांत दोनशे एक चिन्हं मावतात. आपण दुरुस्त केलेला मराठी मजकूर श्रीसकट त्यात बसतो. खर्च आहे तेवढाच राहील."

"नमस्कार बसतो?" अध्यक्षांनी विचारले.

"बसतो."

"आणि नम्र?"

"नम्रही बसतो, सर. अध्यक्षांसकट."

वकील हसले. इंजिनिअरने पडताळून मान हलवली. ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या बावन्न चिन्हांच्या मजकुराला एक तुकडा पुरला असता, आणि बँक रोज त्याच्या तिप्पट पैसे भरत राहणार होती, याची नोंद मी मनात केली आणि तिथेच ठेवली. त्या वर्षीच्या अहवालात अध्यक्षांच्या मनोगतात एक वाक्य होते: मराठी मेसेजसेवा सुरू करताना बँकेवर एका पैशाचाही जादा बोजा पडलेला नाही. मी ते तपासले. वाक्य म्हणून त्यात चूक नव्हती. आधी बोजा पडला, मग मराठी आली.

दिवाळीनंतर पोळ्या करणाऱ्या बाई काउंटरवर आल्या. मी तेव्हा तिथेच अर्जांच्या नमुन्यांचे प्रूफ दाखवत होतो. त्यांच्या हाताला पीठ होते, म्हणून त्यांनी मोबाइल कोपराने काउंटरवर सरकवला.

"मॅडम, हा तुमचाच ना?"

"आमचाच. वाचलात?"

"वाचला की. आधी श्री, मग सन्माननीय, मग सप्रेम. मला वाटलं लग्नाची पत्रिका आली. ठेवीचं पार मध्यावर सापडलं." त्यांनी आवाज खाली आणला. "मेसमध्येच आला. पोळी तव्यावर होती. ती उतरवली, वाचला, आणि मोबाइल परत पिशवीत टाकला. कोणाला दाखवला नाही."

"दीर?"

"विचारत होता काल, बँकेचं काही आलं का म्हणून. म्हटलं, आलं ना, अध्यक्षांनी नमस्कार पाठवलाय."

अधिकारी बाईंनी पावती घेतली आणि ठेव कॉलेजच्या नावाने डिमांड ड्राफ्टमध्ये वळवण्याचा अर्ज पुढे केला. पोळ्या करणाऱ्या बाईंनी हात पदराला पुसले, अर्ज सगळा वाचला आणि सही केली.