देवमन सरांची वजाबाकी

राजापेठेत देवमन तायडे कुठे राहतात असं विचारलं तर कोणी सांगणार नाही. पण सीएचं गणित शिकवणारे सर म्हणा, पानठेल्यावरचा माणूस हातातलं काम न थांबवता समोरच्या जिन्याकडे बोट दाखवील. वर दोन खोल्या, बेचाळीस बाकं, आणि सव्वीस वर्षांत एकदाही न बदललेली शिकवण्याची तऱ्हा. बाळापूरहून तरुणपणी ते स्वतः सीए व्हायला अमरावतीत आले. तीनदा इंटरच्या, म्हणजे मधल्या परीक्षेला बसले, तीनदा आपटले, आणि मग जे स्वतःला जमलं नाही ते दुसऱ्यांना शिकवू लागले. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडचे निम्मे मास्तर असेच घडतात, आणि वाईट शिकवतात असंही नाही.

सरांची एक खासियत होती, लाल चौकट. ज्या ठिकाणी पोरं हमखास घसरतात तिथे ते एक वाक्य लिहून द्यायचे. पोरं त्याला लाल पेनाने चौकट घालायची आणि सगळा वर्ग ते तीनदा मोठ्याने म्हणायचा. शेअरवर किती परतावा अपेक्षित धरायचा, त्या प्रकरणावरची चौकट सगळ्यांत जुनी.

ते प्रकरण सर शिकवायचेही झकास. "सरकारी कागदात, म्हंजे रोख्यात, पैसा ठेवला तर डोक्याले ताप नाही, सात टक्के भेटतेच. हा झाला रिस्क-फ्री. बाजारात ठेवला तर तेरा अपेक्षित हाय. म्हणजे जोखमीसाठी बाजार वरून देते सहा. हा प्रीमियम. आता आपला शेअर बाजारापेक्षा जास्त उड्या मारते, बाजार एक हालला तर हा एक पॉइंट दोन. हा बीटा. मंग सहाले एक पॉइंट दोननं गुणा, सात पॉइंट दोन. त्यात सात मिळवा. चौदा पॉइंट दोन. यापेक्षा कमी भेटत असन तर त्या शेअरच्या नादी लागू नका."

कच्ची पोरं मात्र वजाबाकी विसरून तेरालाच बीटाने गुणायची आणि उत्तर बावीस पॉइंट सहा काढून मोकळी व्हायची. त्यांच्यासाठी ती चौकट होती: बाजाराचा आकडा दिसला, की आधी त्यातून रिस्क-फ्री वजा. गणितात कधी प्रीमियमच आयता दिलेला असतो, तेव्हा वजा करायचं काही उरत नाही, हे सरांना ठाऊक होतं. तसली गणितं फळ्यावर ते बरोबरच सोडवायचे. पण ती यायची शेवटच्या आठवड्यात, घाईगर्दीत. चौकट पहिल्या दिवसाची, आणि घोकलेली.

अकोटची अपेक्षा ही अशी घोकणारी मुलगी नव्हती. वडील नत्थुजी जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर, आई पार्वताबाई घरी शिवणकाम करायची. अपेक्षाचा इंटरचा दुसरा ग्रुप, म्हणजे उरलेले अर्धे पेपर, दोनदा हुकला होता. तिसऱ्या वेळी नत्थुजींनी सांगून टाकलं होतं, या खेपेला निघाला तर पुढे शिक, नाही तर चिखलीचं स्थळ हातचं जाऊ देणार नाही. हे सरांनाही माहीत होतं. तिनेच फीचा शेवटचा हप्ता देताना सांगितलं होतं.

एकदा वर्गात तिने हात वर केला. "सर, बाजाराच्या ठिकाणी प्रीमियमच दिला असन तर?"

सरांना त्या दिवशी धडा संपवायचा होता. "चौकटीत काय लिवलं? वाच."

तिने वाचलं. वर्ग हसला. ती खाली बसली.

निकाल लागला आणि दुसरा ग्रुप तीन गुणांनी गेला. महिनाभराने ती उत्तरपत्रिकेची मागवलेली प्रत घेऊन जिना चढून आली. रडत नव्हती, भांडायलाही आली नव्हती. तिने फक्त एक पान समोर ठेवलं. प्रश्न पाच गुणांचा होता. रिस्क-फ्री सात, बीटा एक पॉइंट दोन, बाजाराचा प्रीमियम सहा. तिने आधी लिहिलं होतं चौदा पॉइंट दोन. त्यावर आडवी रेघ होती. खाली सहातून सात वजा केले होते, उणे एकला बीटाने गुणलं होतं, आणि उत्तर होतं पाच पॉइंट आठ. गुण, एक.

सरांनी खालचं उत्तर पुन्हा वाचलं. जोखमीचा शेअर, आणि परतावा सरकारी कागदाहून कमी. असं उत्तर आलं की कोणालाही खटकावं.

"तुले खटकलं नाही?"

"खटकलं ना सर. पण मले वाटलं, चौकट चुकणार नाही. मीच चुकून राहिली असन."

त्या रात्री सरांना जेवण गेलं नाही. सव्वीस वर्षांत किती पोरांनी मुकाट्याने अशी वजाबाकी केली असेल, याचा विचार त्यांनी सुरू केला आणि मध्येच सोडला, कारण पुढे जायची छातीच होईना. बायकोने, मायाने, काय झालं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "एका पोरीचं वाटोळं केलं म्या." ती म्हणाली, मग तिच्या बापाला जाऊन सांगा. सरळ गोष्ट होती. रविवारी त्यांनी अकोटची एसटी धरली.

नत्थुजींनी धावपळ केली. नवी चादर अंथरली, चहा झाला, पोहे झाले. सर घरी आले याचंच त्यांना अप्रूप. चिखलीची सुपारी फुटली होती. सरांनी घसा खाकरला आणि एका दमात सगळं सांगितलं. चूक माझी आहे, मी लिहून दिलेलं अर्धवट होतं, तिने विचारलं तेव्हा मी तिला गप्प बसवलं, तिचं उत्तर बरोबर होतं, तिला अजून एक संधी द्या.

नत्थुजी ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले.

"सर, तुमच्यासारका माणूस भेटत नाही. पोरगी नापास झाली तर मास्तर सोताच्या डोक्यावर घेऊन राहिला."

"तसं नाही, नत्थुजी. खरंच माही चूक हाय. हे पाहा." सरांनी पान पुढे केलं. बोट ठेवून दाखवलं, हे तिचं बरोबर उत्तर.

नत्थुजींना इंग्रजी येत नव्हतं, पण आडवी रेघ कळत होती. "हे खोडलं कोनं?"

"तिनंच. पण मी सांगतलं म्हणून."

"तिथं परीक्षेत तुमी होते काय, सर?"

नत्थुजी स्वयंपाकघराकडे वळले. "आयकलं काय, अपेक्षा? येवढ्या मोठ्या माणसाले तुह्यासाठी खोटं बोला लागून राहिलं. लाज वाटू दे जराशी."

पार्वताबाई चुलीशी मान खाली घालून बसल्या होत्या. अपेक्षा कपबश्या उचलायला बाहेर आली. सर पुन्हा बोलायला गेले तशी ती वाकून, बापाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "सर, आता काई सांगू नका. तुमी जितकं सांगान, तितकं मले तुमी गेल्यावर आयका लागन."

सरांनी पानाची घडी केली. नत्थुजी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला आले, तिकिटाचे पैसेही त्यांनीच दिले. लग्नाला यायचंच, असं त्यांनी खिडकीतून हात धरून वदवून घेतलं.