आईंना ठाऊक नसलेली गोष्ट

लाँड्रीत डाग काढायचं काम करणाऱ्या बाईला नाक असू नये म्हणतात. हिला होतं, आणि तेही तिखट. शर्टाच्या काखेवरून माणूस ओळखायची. कॉलर हातात घेतली की म्हणायची, "हा गोड बोलणारा दिसतोय, नुसतं तेल." सगळी इमारत तिला डागवहिनी म्हणे. तोंडावर वहिनी, पाठीमागे नुसतं डाग.

तर या डागवहिनीला कविता करायची खोड होती. दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत पाच-सहा जण जमत. निवृत्त मास्तर मधोमध बसत आणि प्रत्येकाच्या कवितेवर असं तोंड करत, जणू कुणी नासलेलं दूध पुढे केलंय. वहिनीला ते फार आवडायचं. खोटं गोड बोलणारी माणसं तिच्या घरात पुरेशी होती.

त्यातले मुकुटमणी म्हणजे थोरले दीर. सासूबाई गेल्या आणि दादांना आईचा उमाळा आला. आई अंथरुणावर होती तेव्हा तो उमाळा कुठे अडकला होता कोण जाणे. बागेत आईच्या नावाचं बाक बसवायचं ठरलं. दादांचं भाषण ठरलं. मग दादा वहिनीला म्हणाले, "तू कविताबिविता करतेस ना? आईवर एक कर. पण छान कर हां, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"कुणाच्या?" वहिनीनं विचारलं.

"सगळ्यांच्या गं!"

वहिनीनं केली. 'आई, तू चंदन होतीस, आई, तू सावली होतीस.' रविवारी ती वाचता वाचताच तिला कुबट वास यायला लागला. इस्त्रीखाली बुरशी आलेलं कापड सापडावं तसं.

"तू?" मास्तर म्हणाले. "सासूला तू म्हणायचीस?"

"छे हो! अहो आई म्हणायचे. एकदा चुकून तू म्हटलं असतं तर ताट फेकून मारलं असतं."

"मग ही कोण बाई आहे?"

खरंच, कोण होती ही बाई? कवितेत आईला तू म्हणतात म्हणून हिनंही म्हटलं होतं. ही सासू नव्हतीच. कुणाच्याही भिंतीवर टांगता येईल असा हार घातलेला फोटो होता तो. घरी जाऊन तिनं कागद फाडला आणि हात धुतले. दोनदा.

दुसऱ्या खेपेला तिनं तुम्ही लिहिलं आणि चंदन काढून टाकलं. 'तुम्ही खोकलात, मी भांडं धरलं. तुमची पाठ सोलवटली, मी मलम लावलं. तुमची चादर मी बदलली.' आता वास खरा होता. नाक मुरडून मास्तरांनी चष्मा पुसला.

"हे ऐकून सासूबाई काय म्हणतील?"

"म्हणतील, मला काय सांगतेस? खोकला माझाच होता."

"मग त्यांना का सांगतेस? ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला आपण तीच गोष्ट सांगत बसतो, तेव्हा बोलणं भलत्यालाच ऐकवायचं असतं. सासूच्या खांद्यावरून कुणाला बोलते आहेस, ते बघ."

बघायला काय लागतं! दादांना. ज्यानं अंथरुणाजवळ कधी नाक नेलं नाही, त्याला. आठवडाभर वहिनीनं कविता दादांकडे वळवली. 'दादा, तुम्ही फळं घेऊन आलात, दारातच उभे राहिलात, रुमालातून बोललात.' ओळी धडाधड आल्या. प्रत्येक ओळीत दादांना न ठाऊक असलेली एकेक गोष्ट घातली: चादरीचा रंग, मलमाचा वास, रात्रीचं कण्हणं. पहिले दोन दिवस मजा आली. तिसऱ्या दिवशी वाचली तर ती कविता कुठली, चाळीच्या नळावरचं भांडण होतं. शिवाय दादांना ती चालली असती! पुढच्या रांगेत बसून त्यांनी मान खाली घातली असती, डोळे टिपले असते, आणि लोक म्हणाले असते, बघा, किती मोठ्या मनाचा माणूस, ऐकून घेतलं. शिसारी आली तिला. या माणसाला शिवी दिली तरी तो तिचं अत्तर करून अंगाला लावील.

आणि एक ओळ त्या कवितेत बसतच नव्हती. सासूबाईंची नजर गेली होती, ऐकू कमी येत होतं, डोकंही अधूनमधून भरकटे. अंग पुसणारा हात चाचपून त्या म्हणायच्या, "थोरले, हात किती खरखरीत झाले गं तुझे माझ्यापायी." थोरले! थोरली जाऊ तिकडे अंगठ्या घालून मऊ हातांनी मोबाइल धरून बसलेली, आणि इकडे डाग काढायच्या औषधानं सोलून निघालेले हे हात. भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, "थोरली फार करते हो." वहिनीनं कधी दुरुस्ती केली नाही. थकलेली असायची, आणि घाणीत हात असताना कोण भांडतो?

ही गोष्ट दादांना सांगून काय उपयोग? दादा म्हणाले असते, आई भरकटली होती गं. मास्तरांना? ते रडले असते, आणखी वाईट. मग कुणाला ठाऊक नव्हती ही गोष्ट? कुणाला ठाऊक असायला हवी होती?

एकाच माणसाला. वहिनी इस्त्री तशीच उभी करून खुर्चीवर बसली. ऐकणारी सासूच होती. फक्त आजवर तिला तेच सांगितलं जात होतं जे तिला माहीत होतं. खोकला, पाठ, चादर सगळं खोडलं. दादांवरच्या ओळी तर तिनं हसत हसत खोडल्या. मेलेल्या बाईला लेकाच्या चहाड्या कशाला?

बागेत खुर्च्या मांडल्या होत्या. दादा भाषणात दोनदा गहिवरले, एकदा तर चुकीच्या जागी. मग वहिनी उठली. लोकांकडे तोंड केलं नाही. रिकाम्या बाकाकडे वळली आणि कुणी बसलंय अशा आवाजात वाचू लागली.

'आई, तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून सांगते,
तो हात थोरलीचा नव्हता.
खरखरीत होता तो माझा होता.
तुमचा वास मला सहन होत नव्हता,
मी तोंड फिरवून श्वास घेत होते,
तुम्ही आशीर्वाद देत होतात दुसरीला
आणि मी तो चादरीला पुसत होते.'

संपलं. टाळी कुणी वाजवायची हे कुणाला कळेना. थोरल्या जाऊबाईंनी हात पदराखाली घेतले, पण तोवर मागच्या रांगेनंसुद्धा अंगठ्या पाहून घेतल्या होत्या. दादा लालबुंद होऊन पुढे आले.

"हे काय बोललीस आम्हाला चारचौघांत?"

"तुम्हाला कोण बोललंय, दादा?" वहिनी शांतपणे म्हणाली. "मी आईंशी बोलत होते. तुमचं नाव तरी घेतलं का?"

आपल्याशी न बोललेल्याला उत्तर द्यायचं कसं? उत्तर द्यावं तर ते आपल्यालाच लागलं असं कबूल केल्यासारखं होतं. शेवटी दादा म्हणाले, "आठवण म्हणून छापू आपण, पण ते हाताचं तेवढं काढ. बाकी छान आहे."

"बाकी काही नाहीच त्यात," वहिनी म्हणाली आणि चालू लागली.

नवरा मागोमाग आला. कार्यक्रमभर तो झाडाच्या बुंध्याशी उभा होता, त्याची ती नेहमीची जागा. फाटकाबाहेर तिला गाठून म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मीही केलं असतं गं आईचं. पण मला ना, लगेच उलटी होते."

वहिनी रस्त्यातच थांबली. त्याच्याकडे तिनं वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जसं ती न धुता परत पाठवायच्या कपड्याकडे पाहते.

"आणि मला काय," ती म्हणाली, "ढेकर येत होती?"