दोन सोडे एकाच फळीवर

गिरणी बंद पडल्यावर काशीरामने गोरेगावात चाळीच्या तोंडाशी किराण्याचं छोटं दुकान टाकलं. तो माल आणायचा आणि गल्ल्यावर त्याची बायको वनमाला बसायची. गिऱ्हाइकं एकेक वस्तू मागत उभी राहायची, खोळंबा व्हायचा. म्हणून दिवाळीनंतर वनमालाने मांडणीच बदलली. जड गोणी खाली, चहा-साखर-मीठ डोळ्यांसमोर, क्वचित लागणारं वर. लाकडी फळ्यांचा एक उघडा घोडा तिने दारापाशी ओढला, म्हणजे ओळखीच्या बायकांनी हातानेच उचलून घ्यावं. सारखं सारख्याजवळ ठेवलं.

तिचा भाचा शिवदास स्टुडिओत फोटोग्राफरच्या हाताखाली कामाला होता. त्याने रस्त्यावरून दुकानाचा फोटो काढला आणि एका दुपारी मोठा करून आणला.

"मावशी, बघ. झकास दिसतं ना?"

वनमाला हसत बघू लागली. मग तिचं हसू मावळलं. पुड्यांवरची नावं तिने गल्ल्यावरून वाचता येतील अशी लावली होती. रस्त्याच्या बाजूने दिसत होत्या नुसत्या पांढऱ्या पुड्या. खायचा सोडा आणि कपडे धुण्याचा सोडा, शेजारीशेजारी.

थोड्या वेळापूर्वीच समोरच्या इमारतीतल्या पद्मजावहिनी पुडी उचलून गेल्या होत्या. "सोडा घेतला हं, वनमाला. भजी करतेय."

वनमाला घोड्यापाशी गेली. खायच्या सोड्याची रांग सकाळी लावली तशीच होती. धुण्याच्या सोड्यात एक जागा रिकामी होती.

"बस इथे," एवढंच ती शिवदासला म्हणाली आणि चपला न घालताच धावली. जिने चढताना तिला स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. हा सोडा तोंड, घसा भाजून काढतो. वहिनींची धाकटी क्षमा ताटात पडण्याआधीच कढईजवळची भजी उचलायची. वनमालाने दोन्ही हातांनी दार वाजवलं.

दार उघडलं. आतून तळणीचा वास आला.

"वहिनी, खाल्लं कोणी?"

"काय झालं गं?"

"तो धुण्याचा सोडा. कोणी खाल्लं का, सांगा."

पद्मजावहिनी वळून ओरडल्या, "क्षमा, ठेव ते!"

क्षमाच्या हातात भजं होतं. ती फुंकर मारत होती. वनमालाने ते हिसकावलं, तिच्या ओठांवरून पदर फिरवला, तोंड उघडायला लावून आत पाहिलं. जीभ स्वच्छ होती. तरी तिने दोनदा चूळ भरायला लावली.

वहिनींनी सगळं पीठ मोरीत ओतलं. तळलेली भजीही टाकून दिली. मग म्हणाल्या, "मीही वाचून घ्यायला हवं होतं. पण तुझ्या दुकानात आम्ही डोळे मिटून हात घालतो गं."

ते वाक्य घेऊन वनमाला परतली. धुण्याचा सोडा तिने साबणाशेजारी, पलीकडच्या भिंतीला, स्वतःलाच काढून द्यावा लागेल असा ठेवला. पुड्यांची नावं गिऱ्हाइकाकडे वळवली. मग रस्त्यावर उभी राहून तिने प्रत्येक फळी वाचली. शिवदास दोनदा म्हणाला, बरोबर आहे. तरी तिने पहिल्या फळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.