रोज नवा पत्ता

सुजय मयेकर रत्नागिरीतल्या एका ऑफिसचं नेटवर्क एकटाच सांभाळतो. सर्व्हरवर कोणाला सोडायचं, ती यादी त्याच्याकडे. मालगुंडला घरून काम करणाऱ्या तुळसाताईंच्या लॅपटॉपच्या इंटरनेटवरच्या आयपीव्ही६ पत्त्याचा मागचा अर्धा भाग गोपनीयतेसाठी रोज बदलायचा. कालचा पत्ता आज चालायचा नाही. मग सकाळी फोन यायचा, "सुजय, परत अडवलंन रे मला!" नवा पत्ता घालता घालता मासळीपासून मुंबईतल्या मुलापर्यंत सगळं बोलणं व्हायचं.

सर्व्हरवरच्या नोंदींचा लॉग बघून ऑडिटवाला खेकसला, "ही तीस मशिनं कोणाची?"

"एकाच बाईंचं एकच मशिन."

झक मारत सुजयने त्यांच्या लॅपटॉपवरचे तात्पुरते पत्ते बंद केले आणि कायमचा पत्ता यादीत घातला. फोन थांबला.

हा उपाय त्याला पहिल्याच दिवशी ठाऊक होता.