सरांची दाढ आणि पायाचे अंगठे

लोकांच्या चेहऱ्याकडे सरळ बघणं मला अजून जमत नाही. दातांच्या डॉक्टरला हे कसं परवडतं, असं कुणालाही वाटेल. पण पेशंटचं तोंड उघडं असतं तेव्हा मी दाताकडे बघते, आणि मिटलेलं असतं तेव्हा पायांकडे. खुर्ची आडवी केली की पेशंटचे पाय माझ्या समोरच येतात. बुटीबोरीहून रविवारी येणाऱ्या कामगारांचे पाय, लग्न ठरलेल्या मुलींचे रंगवलेल्या नखांचे पाय. सुई दिसली की सगळ्यांचेच अंगठे आत वळतात.

नागपुरातल्या ज्या दवाखान्यात मी शिकून झाल्यावर कामाला लागले, तो माझ्या सरांचा. सरांनी आयुष्यभर बोलत बोलत दात दुरुस्त केले. मी दिवसाला वीसेक वाक्यं बोलायची, त्यातली निम्मी ‘गुळणी करा’. बाहेरच्या टेबलावर काकू बसायच्या, म्हणजे सरांच्या पत्नी. त्या नंबर लावायच्या, पेशंटना रागवायच्या आणि सरांना त्याहून जास्त.

सरांचं आणि माझं एकाच गोष्टीवर वाजायचं. वाजायचं म्हणजे ते बोलायचे आणि मी मान हलवायची नाही. दाताची कीड खोल गेली आणि आतली नस अगदी जवळ आली, किंवा उघडीच पडली, तर तिच्यावर औषधाचं टोपण ठेवून ती जगवता येते. सरांचं टोपण म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. दोन छोट्या ट्यूब, दोन्हीतला थेंब थेंब काढायचा, मिसळायचा, लावायचा. माझं टोपण म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट, कॉलेजात शिकलेलं. त्याची दोन कॅप्सूल मी कपाटात आणून ठेवली होती. सर तिथून जाताना म्हणायचे, ‘तुझी पांढरी माती अजून आहे का गा?’ बोलण्याच्या भरात ते मलाही, पुरुषाला म्हणावं तसं, ‘गा’ म्हणायचे.

एका एप्रिलच्या दुपारी कूलर सुरू होता, पेशंट नव्हता आणि सर स्वतःच खुर्चीवर आडवे झाले.

‘बेटा, उजवीकडची खालची पहिली दाढ जरा बघ. काही खास नाही.’

मी बघितलं. खास होतं. वरून बारीक भोक आणि आत गुहा. एक्स-रे काढला, तर कीड नसेच्या इतकी जवळ की मधली भिंत आहे की नाही हेच कळेना. मुळांच्या टोकाशी मात्र सगळं स्वच्छ होतं.

‘थंड लागतं?’

‘लागतं. काढलं की लगेच जातं.’

‘आपोआप दुखतं?’

‘मुळीच नाही.’

‘रात्री?’

‘शांत झोप.’

मी लिहून घेत होते आणि मधेच पेन थांबलं. उत्तरं पाठ केल्यासारखी येत होती, कारण ती पाठच होती. आपण पेशंटला हे प्रश्न विचारतो ते नस अजून सावरू शकेल की तिचं काही खरं नाही, हे ठरवायला. थंडाची कळ लगेच गेली तर आशा असते. रेंगाळली, आपोआप आली, रात्री उठवायला लागली, तर टोपणाचा भरवसा उरत नाही आणि बहुधा रूट कॅनाल करावं लागतं. कुठल्या उत्तराने कुठला उपचार मिळतो हे ज्याला ठाऊक आहे, असा पेशंट मला पहिल्यांदाच भेटत होता. आणि जन्मभर लोकांचे रूट कॅनाल केलेला हा माणूस स्वतःच्या रूट कॅनालला घाबरत होता. मला आतून इतकं हसू यायला लागलं की मी मास्क वर ओढला.

दारातून काकू म्हणाल्या, ‘शांत झोप कायची वं? रोज उठून राहिले रात्री. दोनदा-दोनदा.’

माझं हसू गेलं. रात्री उठवणारी कळ असेल, तर मी लावलेलं कुठलंही टोपण म्हणजे नसेवर घातलेलं पांघरूण, खाली ती मरतच राहणार.

‘सर, खरं सांगा,’ मी म्हणाले. हे माझं त्या दिवसाचं बहुतेक एकविसावं वाक्य असावं.

‘पाणी प्यायले उठतो.’

‘पाणी बेडरूममध्येच असते,’ काकू म्हणाल्या. ‘हे फ्रिजकडे जातेत.’

सरांनी छताकडे बघत हळूच कबूल केलं, ‘संत्रा बर्फी.’

सरांच्या साखरेच्या रिपोर्टमुळे काकूंना बर्फी डब्याखाली डबा ठेवून लपवावी लागत होती, आणि ती तरीही कमी होत होती. त्यांनी दोष कामवालीला दिला नव्हता एवढंच. त्या आत येऊन स्टुलावर बसल्या आणि पदर खोचला. हे बोलण्यापेक्षा भारी होतं.

पण बर्फीची कबुली म्हणजे काही तपासणी नव्हे. मी कापसाच्या बोळ्यावर थंड फवारा मारला आणि आधी शेजारच्या निरोगी दाताला लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. चेहरा त्यांच्या ताब्यात होता. पायाचे अंगठे नव्हते. निरोगी दाताला अंगठे आत वळले आणि लगेच सुटले. मग दुखऱ्या दाढेला लावला. अंगठे जोरात वळले. मी बोळा काढला आणि मनात मोजलं. एक, दोन. सुटले. पुन्हा केलं. एक, दोन, सुटले. दाढेवर ठोकून बघितलं, अंगठे स्वस्थ.

‘खरं बोलताय,’ मी म्हणाले.

‘तू माझ्या पायाकडे काहून बघून राहिली?’

मी बोळा टाकून दिला.

टोपण ठेवायला माझी एकच अट होती, रबर डॅम. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणतात, त्यातून फक्त तो दात वर येतो आणि थुंकी, तिच्यातले जंतू बाहेर राहतात. सरांनी आयुष्यभर कापसाच्या बोळ्यांवर भागवलं होतं. दुसरा फायदा मी सांगितला नाही. डॅमखाली बोलता येत नाही. पडदा चढला आणि दवाखान्यात अशी शांतता पसरली की काकू म्हणाल्या, ‘हे यंत्र घरी नेता येते का वं?’

त्याआधी सरांनी आपला साक्षीदार पुढे केला होता. डावीकडची खालची दाढ, विद्यार्थी असताना तिची नस उघडी पडलेली, तिच्यावर हायड्रॉक्साइडचं टोपण आणि वर चांदीचं फिलिंग. ‘आजही जिवंत आहे. बघ.’ मी थंड लावून बघितलं, खरंच जिवंत होती. ‘आता सांग तुझी माती काय करते ते.’

मी आधी कडांची कीड काढायला घेतली. कडा पूर्ण घट्ट आणि स्वच्छ व्हायला हव्यात, वरचं फिलिंग तिथेच चिकटतं. नसेच्या डोक्यावरचा मऊ थर मात्र मी मुद्दाम ठेवणार होते. सगळं खरवडायचा हट्ट केला की नस उघडी पडते. थर ठेवून वरून पक्कं बंद केलं, तर उरलेल्या जंतूंचा खुराक तुटतो आणि नस आतून नवी भिंत बांधत राहते. नस झाकलेली असेल तेव्हा टोपण त्यांचं की माझं, याने फारसा फरक पडत नाही, असंही मी मनात ठरवलं होतं. म्हणजे भांडण मिटलंच होतं.

तेवढ्यात एका कोपऱ्यात, जिथे मला घट्ट दात वाटला होता, एक लाल ठिपका आला. टाचणीच्या डोक्याएवढा.

ही माझ्या सरांची नस होती.

‘उघडी पडली,’ मी म्हणाले. सरांचे अंगठे आत वळले. सुन्न केलेलं असल्यामुळे दुखत नव्हतं, हे वळणं शुद्ध काळजीचं होतं.

मी हायपोक्लोराइट या जंतुनाशकात भिजवलेला बोळा ठिपक्यावर हलका दाबून धरला. आता सगळं रक्तावर होतं. थांबलं, तर नस वरवरच सुजलेली आहे. काही मिनिटांनीही वाहत राहिलं, तर आत बिघाड खोल आहे आणि टोपणाची आशा सोडायची. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोठ्याने मिनिटं सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या मिनिटाला बोळा उचलला, ओल होती. नवा बोळा. चौथ्या मिनिटाला उचलला. ठिपका तिथेच होता, पण शांत. रक्त नाही.

‘थांबलं,’ मी इतक्या जोरात म्हणाले की मीच दचकले.

आणि मग मी बोलत सुटले. डॅमखाली सर अडवू शकत नव्हते. ‘सर, आता फरक पडतो. तुमचं औषध दाताला चिकटत नाही, वर्षांनी विरघळत जातं, आणि त्याच्याखाली नस जी भिंत बांधते तिच्यात बारीक भोकं राहतात. वरचं फिलिंग गळलं की त्याच वाटेने जंतू आत. डावीकडची दाढ जगली, कारण फिलिंग गळलं नाही आणि नस आधीच चांगली होती. सिलिकेट घट्ट होतं, भोक बंद करतं, भिंतही जास्त सलग होते. आणि घट्ट होताना ते कॅल्शियम हायड्रॉक्साइडच सोडतं. म्हणजे तुमचंही आहे त्यात. दात तुमचा आहे. एक बोट, तुमच्या ट्यूब. दोन बोटं, माझी माती.’

सरांनी एक बोट वर केलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग दुसरं शेजारी उभं राहिलं.

‘जितली वं तू,’ काकू म्हणाल्या.

सिमेंटची कॅप्सूल मिसळायच्या मशीनमध्ये खडखडली, तेव्हा मला नाचावंसं वाटत होतं. सिमेंट ठेवलं, घट्ट व्हायला बारा मिनिटं थांबलो, आणि मी त्याच बैठकीत वरचं पक्कं फिलिंग केलं, कड न् कड तपासत. डॅम काढल्यावर सरांचं पहिलं वाक्य होतं, ‘त्यात माझंच आहे म्हणजे.’ पुढचे सगळे महिने ते पेशंटना हेच सांगत होते.

मी मात्र घाबरून होते. नस गुपचूप मरू शकते, काही न दुखता. महिन्याने बघितलं, ठीक. नोव्हेंबरात, पहिली संत्री हातगाड्यांवर आल्यावर, सर पुन्हा आडवे झाले. एक्स-रेत मुळाशी काळी सावली नव्हती. सिमेंटच्या खाली एक फिकट, बारीक रेघ दिसत होती. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून ती तीनदा बघितली. ‘भिंत,’ ते म्हणाले.

‘बघू,’ मी म्हणाले आणि बोळ्यावर फवारा मारला. काकू दारात. मी पायांकडे बघत बोळा दाढेला टेकवला.

काहीच नाही. मी बोळा तसाच धरून ठेवला. वर एवढं फिलिंग होतं, थंड पोचायला वेळ लागणार, हे मला माहीत होतं आणि त्या क्षणी मुळीच माहीत नव्हतं.

मग दोन्ही अंगठे आत वळले.

बोळा काढला. एक. सुटले.

मी चाकाच्या स्टुलावर बसले होते. मी पायाने जमीन ढकलली आणि स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतली. असं मी दवाखान्यात कधी केलं नव्हतं. काकू हसता हसता दाराला टेकल्या.

‘दुखलं ना, सर?’

‘मस्त दुखलं,’ सर म्हणाले आणि तोंड पुन्हा मोठं उघडलं. ‘आणखी एकदा लाव.’