नऊ बाराचा गुलाब

आमच्या घरात माझ्या वेळेवर कोणी विश्वास ठेवत नाही. मी 'अर्ध्या तासात आलो' म्हटलं की वहिनी भाजी निवडायला बसते, कुकर लावत नाही. गोष्ट सांगताना तर माझी संध्याकाळ कधी कधी दोन दिवस चालते. थोरला भाऊ, म्हणजे दादा, याच्या अगदी उलट. मी गोष्टीत रंगलो की मागून त्याचा आवाज येणारच, "आवर, आवर. फुलं वाळली."

ओझरच्या अलीकडे आमचा गुलाबाचा तुकडा आहे. थंडीतल्या सकाळी तिथे धुकं इतकं खाली उतरतं की ओझरच्या विमान-कारखान्यातलं विमान डोक्यावरून जातं तेव्हा फक्त घरघर ऐकू येते. आकाश झोपेत घोरतंय असं वाटतं. त्या दिवशीही तसंच होतं. दादाने पहाटे खालच्या सऱ्यांवर औषध मारलं होतं आणि मग हातपाय धुऊन तो शेडमध्ये जुड्या बांधायला बसला होता. वीस फुलांची जुडी, वरून वर्तमानपत्राचा कागद, दोऱ्याचे दोन वेढे. त्याचा उजवा हात हे काम न बघता करायचा. समोर वहिनी कागद फाडत होती, आणि आमच्याकडे वर्षानुवर्षं तोडणीला येणारी मावशी काटे काढत होती. मी गोष्ट सांगत होतो. माझं काम तेवढंच.

कुठली गोष्ट ते आठवत नाही. आठवतंय ते एवढंच, की दादाच्या हातातून एक गुलाब खाली पडला. मग दुसरा. तिसरा पडायला फार वेळ लागला, निदान माझ्या डोळ्यांत तरी. लाल फुलं धुक्यातून हळूहळू मातीवर उतरत होती आणि दादा त्यांच्याकडे बघत होता, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या हातातून पडत होती.

मी म्हटलं, "काय दादा, माझी गोष्ट इतकी जड झाली?"

तो काहीतरी बोलला. शब्द नव्हते ते, तोंडात कापूस धरून बोलल्यासारखा आवाज होता. तो माझी नक्कल अप्रतिम करायचा, म्हणून मी हसलो. होय, हसलो. ते हसू मला अजून पुरतं गिळता आलेलं नाही.

वहिनी उठली. "औषध चढलं यांना. उपाशीपोटी पंप घेतला पाठीवर, सांगून ऐकतात का?"

आमच्याकडे कुणाला घेरी आली, जीभ जड झाली, की पहिला संशय फवारणीवर. मलाही ते लगेच पटलं. त्याला आंघोळ घालायची, लिंबूपाणी पाजायचं, सावलीत निजवायचं, दुपारपर्यंत उतरेल, असं सगळं मी मनात ठरवूनही टाकलं. वहिनीने तांब्या त्याच्या ओठाला लावला. पाणी उजव्या कोपऱ्यातून सरळ गळ्यावर ओघळलं.

"वहिनी, पाणी पाजू नका!" मावशी काटे टाकून आली. ती दादासमोर उकिडवी बसली. "दादा, माझ्याकडं बघा. हसा बरं जरा."

दादा हसला. अर्धाच. डावा गाल वर गेला, उजवा जागचा हलला नाही.

"आता दोन्ही हात वर करा. असे."

डावा हात वर राहिला. उजवा थोडा उठला आणि गुलाबासारखाच खाली आला.

"हे औषध नाय," मावशी म्हणाली. "माझ्या मालकाला असंच झालं व्हतं. आम्ही म्हनलो दमलाय, निजू द्या. दिवस मावळल्यावर दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हनला, लय उशीर केला. आता बसून हायेत घरी, उजवा हात मांडीवर ठेवून. तुम्ही फोन लावा आधी."

मी १०८ लावला. आणि इथेही मी माझ्या वळणावर गेलोच. म्हटलं, "गाडी येईस्तोवर आपल्या चौकातल्या डॉक्टरांकडे नेऊ, एक सलाईन लावतील, जरा..."

"तिथं डोक्याचा फोटो निघतो का?" मावशीने विचारलं.

निघत नव्हता. मी ते वाक्य पुरं केलं नाही. माझ्या आयुष्यातली ती दुर्मीळ वेळ.

१०८ च्या गाडीत दादा कुशीवर होता. डावा हात वहिनीच्या हातात. खिडकीबाहेर द्राक्षांचे मांडव मागे सरकत होते, धुकं विरत होतं, आणि मला वाटत होतं की आपण कुठेच जात नाही आहोत, फक्त रस्ता आपल्याखालून ओढून घेतला जातोय. दादाचा डोळा माझ्यावर होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. बहुधा 'आवर'.

नाशकातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई स्ट्रेचरबरोबर चालता चालता विचारत होत्या. साखर तपासली, रक्तदाब घेतला. रक्तदाबाच्या गोळ्या? वहिनी खाली बघून म्हणाली, "दिवाळीपासून बंद केल्यात. बरं वाटतंय म्हणाले." रक्त पातळ करायच्या गोळ्या? एवढ्यात कुठलं ऑपरेशन? नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"यांना शेवटचं नीट बोलताना कधी पाहिलंत?"

"त्याचं असं झालं, सकाळी धुकं फार होतं, आणि..."

"काका, वेळ सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेही आधी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. आणि त्या साडेचार तासांतही जितकं लवकर तितका मेंदू वाचतो. प्रत्येक मिनिटाला थोडा थोडा जातोय."

"अर्धा... एक तास झाला असेल," मी म्हटलं.

वहिनीने डॉक्टरांकडे बघितलं. "बाई, भाऊजींचा तास धरू नका."

आयुष्यभर सैल सोडलेली वेळ मला तेव्हा कुठेच सापडेना. दादा कधी बोलला होता? काय बोलला होता? मी डोळे मिटले. शेड, धुकं, गुलाब. आणि खिशात थरथर. विहिरीवरच्या मोटरचा मोबाइल स्टार्टर! लाईट आली की तो माझ्या फोनवर कॉल करतो. तो आला तेव्हा दादा स्वच्छ, खणखणीत ओरडला होता, "लाईट आली ना? मोटर चालू कर आधी, गोष्ट नंतर!" आणि त्यानंतर, जुडी पुरी व्हायच्या आतच, पहिलं फूल पडलं होतं.

फोन उघडला. कॉल नऊ वाजून बारा मिनिटांचा होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा होत होते.

"नऊ बाराला नीट होता," मी म्हटलं. दादा स्ट्रेचरवरून माझ्याकडेच बघत होता. पुढे एक शब्दही जोडला नाही.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. वहिनीने सही केली. इंजेक्शनाचा धोकाही डॉक्टरीणबाईंनी समजावला होता, रक्त वाहू शकतं म्हणून. मग आम्ही दोघं बाकड्यावर बसलो. माझ्या शर्टाला गुलाबाची एक पाकळी चिकटली होती. मी ती काढली नाही.

संध्याकाळी दादाच्या उजव्या हाताची बोटं हलली, चादरीवर, दोरा शोधत असल्यासारखी. शब्द मात्र आले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येतील, किती आणि कधी ते आज सांगता येत नाही. पुढे त्याला रोज आरसा धरून तोंडाचे व्यायाम करायला लावायचे. पाणीसुद्धा नीट गिळता येतंय हे तपासल्यावरच मिळालं. मला मावशीचं ओरडणं आठवलं.

आठव्या दिवशी निफाडचे पाहुणे दवाखान्यात बघायला आले. मावशीही आली होती, पदरात चार गुलाब घेऊन. पाहुण्यांनी विचारलं, काय झालं, कसं झालं, आणि मला कुणी विचारायचाच अवकाश. मी खुर्ची ओढली. "त्याचं असं, धुकं पडलेलं, सकाळचे साधारण नऊ-साडेनऊ..."

मागून आवाज आला. जाड, अडखळत, एका बाजूने घसरत.

"नऊ... बारा."

वहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मावशीने डोळ्यांना पदर लावला.

"आवर," दादा पुढे म्हणाला.

मी आवरलं.